'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' लिहून चार ओळी खरडल्या म्हणजे पत्र होत नाही, डॉक्टरसाहेब

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात इन्सुलिन घेणारं कुणी आहे आणि मुलगा-मुलगी परदेशात आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी नाही वाचली तरी चालेल. आपल्या तालुक्यातल्या डॉक्टर मंडळींना मात्र टॅग करा, मला कुणाची भीडभाड नाही.

माझी आत्या, वय ६७, पहिल्यांदाच विमानात बसली. मुलगा आखातात नोकरीला आहे, सुनेचं बाळंतपण, म्हणून दोन महिन्यांसाठी निघालेली. साखर पंधरा वर्षांपासून. इन्सुलिन सकाळी २४ युनिट आणि रात्री १६ युनिट, आपल्याकडे बहुतेक म्हाताऱ्या माणसांना असतं ते ३०/७०, बाटलीतून सिरिंजने ओढून घ्यायचं. जाण्याआधी डॉक्टरांकडून पत्र आणा, असं ट्रॅव्हल एजंटने सांगितलं होतं. आणलं. कंपाउंडरने ३०० रुपये घेतले. पत्र माझ्याकडे आहे. लेटरपॅडवर वर 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न', खाली 'ही रुग्ण डीएम असून इंजेक्शन चालू आहे, प्रवासास हरकत नाही', त्याखाली कोंबडीच्या पायासारखी सही. संपलं.

आता हे पत्र विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. 'डीएम' म्हणजे काय ते त्याला कळलं असेल असं धरू. पण इंजेक्शन कसलं? ते यांनी सोबत न्यायचं आहे की डॉक्टरकडे जाऊन घ्यायचं? सुया आहेत का, किती, कशासाठी? काहीच नाही. शिवाय पत्रावर आत्याचं नाव गावात चालतं ते, घरगुती. पासपोर्टवर लग्नानंतरचं, तेही मधल्या नावासकट. म्हणजे हे पत्र समोरच्या बाईचंच आहे हेही त्या कागदावरून सिद्ध होत नव्हतं.

आत्याच्या हातातल्या बॅगेत इन्सुलिनच्या ८ बाटल्या आणि सिरिंजची १५ पाकिटं, म्हणजे १५० सिरिंज होत्या. एक्स-रेच्या पट्ट्यावर बॅग थांबली, उघडली, पाकिटांचा ढीग टेबलावर आला. जवानाने पत्र वाचलं, परत वाचलं, वरिष्ठाला बोलावलं. मागे रांग खोळंबलेली. आत्याचं हिंदी म्हणजे 'मेरेको शुगर है' एवढंच. इन्सुलिनच्या बाटल्या तिला परत दिल्या. सिरिंजबद्दल पत्रात काही नाही म्हणून विचारपूस सुरू राहिली. आत्या घाबरली आणि तिने स्वतःच सांगितलं, 'ठेवून घ्या बाबा, माझा मुलगा तिकडे घेऊन देईल.' ठेवून घेतल्या.

इथे मी त्या जवानाला शिव्या घालणार नाही, कुणाला अपेक्षा असेल तर माफ करा. इंजेक्शनची सुई वैद्यकीय कारणाशिवाय केबिनमध्ये नेता येत नाही, आणि ते कारण कागदावर असावं लागतं. त्याच्यासमोर १५० सुया होत्या आणि कागदावर सुईचा शब्दसुद्धा नव्हता. त्याने काय करायचं होतं?

पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट विमानतळावर घडलीच नाही. ती चार दिवसांनी घडली.

मुलाने तिथल्या दुकानातून सिरिंज आणल्या. आत्याने नेहमीसारखी बाटली हातात घेतली, सकाळी २४ च्या रेघेपर्यंत ओढलं, टोचलं. रात्री १६ च्या रेघेपर्यंत. तिसऱ्या दिवसापासून घशाला कोरड, रात्रीत सहा वेळा लघवी, चौथ्या दिवशी उलट्या. मशीनवर साखर ४०० च्या वर. सगळ्यांना वाटलं, बाळाच्या बारशाचे लाडू भोवले. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरने औषध विचारलं नाही, बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन या म्हणाला. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं आणि डोक्याला हात लावला.

आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटलीवर बारीक अक्षरात '४० आययू/मिली' लिहिलेलं असतं. म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. त्यासाठीची सिरिंजही ४० ची, लाल टोपीची. परदेशात जवळजवळ सगळीकडे इन्सुलिन १०० चं मिळतं, एका मिलीत १०० युनिट, आणि सिरिंजही १०० ची, केशरी टोपीची. १०० च्या सिरिंजवर २४ ची रेघ म्हणजे ०.२४ मिली. आपल्या ४० च्या बाटलीतलं ०.२४ मिली ओढलं तर त्यात युनिट किती? ०.२४ गुणिले ४०, म्हणजे ९.६. चोवीसच्या जागी साडेनऊ! रात्री सोळाच्या जागी ६.४. रेघ तीच, सवय तीच, हात तोच, आणि बाईला चार दिवस अर्ध्याहून कमी औषध मिळत होतं.

उलट झालं असतं तर? समजा सिरिंज वाचल्या असत्या आणि बाटल्या गेल्या असत्या. तिकडून १०० ची बाटली आणली असती आणि आपल्या लाल टोपीच्या सिरिंजने २४ च्या रेघेपर्यंत ओढली असती. ४० च्या सिरिंजवर २४ म्हणजे ०.६ मिली, आणि १०० च्या बाटलीतलं ०.६ मिली म्हणजे ६० युनिट. अडीचपट. मग साखर वाढली नसती, घसरली असती, आणि झोपेत घसरली असती तर ही पोस्ट मी वेगळ्या कारणाने लिहीत असतो.

त्या डॉक्टरने आकडेमोड करून '६० च्या रेघेपर्यंत ओढा' असं सांगितलं नाही. बरोबर केलं, ६७ वर्षांच्या बाईला परक्या ठिकाणी गणित शिकवून उपयोग नसतो. त्याने सरळ पेन सुरू करून दिलं. पेनमधलं इन्सुलिन आपल्याकडेही बहुतेक १०० चंच असतं आणि पेनवर युनिट मोजून फिरवायचे असतात, त्यामुळे हा घोळ होत नाही. इकडून नेलेल्या आठ बाटल्या फुकट गेल्या. एक रात्र दवाखान्यात काढली, त्याचं बिल इथल्या पैशात पन्नास हजारांच्या वर. आणि याची सुरुवात कुठून झाली? ३०० रुपयांच्या त्या चार ओळींतून.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या गावात या पत्राकडे 'फॉर्मॅलिटी' म्हणून बघतात. डॉक्टर म्हणतात, इन्सुलिन जगात सगळ्यांना माहीत आहे, पत्र कशाला. एजंट म्हणतो, असलं तर बरं. मेडिकलवाला म्हणतो, बिल जवळ ठेवा, काही होत नाही. अर्ध्या वेळा खरंच काही होत नाही, म्हणूनच ही समजूत टिकून आहे. मी एक फरक सांगतो जो यांच्यापैकी कुणी पेशंटला सांगत नाही. परदेशात पुष्कळ ठिकाणी मेडिकल दुकानातून औषध घेतलं की डब्यावर पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, डोस असं लेबल चिकटवून मिळतं. तिथल्या अधिकाऱ्याला तसल्या लेबलची सवय असते. डब्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं की त्याचं काम झालं. आपल्याकडे बाटलीवर कंपनीचं नाव आणि एमआरपी असते, पेशंटचं नाव कुठेच नसतं. म्हणजे तिकडे जे काम डब्यावरचं लेबल करतं, ते आपल्या माणसासाठी एकट्या पत्राला करावं लागतं. आपलं पत्र त्यांच्यापेक्षा जास्त नेमकं असायला हवं, आणि आपण ते सगळ्यात भोंगळ लिहितो.

दुसरं, पत्र वाचणारी माणसं दोन असतात आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात. निघताना सुरक्षा तपासणीवाला विचारतो की ही सुई आणि हे द्रव विमानात का जावं. उतरल्यावर कस्टमवाला विचारतो की हे औषध तुमचंच आहे का, विकायला तर आणलेलं नाही, आणि आमच्या देशात त्याला परवानगी आहे का. पहिल्याला सुयांचा उल्लेख लागतो, दुसऱ्याला हिशेब लागतो. १५० सिरिंज आणि आठ बाटल्या बघून कुणालाही शंका येईल. ती शंका हिशेबाने जाते, 'हरकत नाही' या शब्दांनी जात नाही.

हिशेब अवघड नाही हो. २४ आणि १६ मिळून रोजचे ४० युनिट. ४० च्या बाटलीत ते बरोबर १ मिली. १० मिलीची बाटली १० दिवस पुरते. ६० दिवसांना सहा बाटल्या, दोन जास्तीच्या कारण एखादी फुटते, परतीचं विमान पुढे जातं. झाल्या आठ. सिरिंज रोज दोन, ६० दिवसांना १२०, तीस वर. झाल्या दीडशे. हे चार आकडे पत्रात असते तर ढीग बघून कुणाची भुवई वर गेली नसती. डॉक्टरला हे लिहायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून लिहून बघितलं, सहा मिनिटं लागली, आणि मी डॉक्टर नाही.

पत्रात काय असावं ते सांगतो. इंग्रजीत, टाइप केलेलं, तारखेसह, आणि तारीख प्रवासाच्या जवळची. पहिल्याच ओळीत पासपोर्टवर आहे तस्सं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. मग साधारण असं: 'यांना मधुमेह असून त्यांना दररोज दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतः टोचून घ्यावं लागतं. इन्सुलिनशिवाय त्यांच्या जिवाला धोका आहे. त्यामुळे इन्सुलिन, सिरिंज, सुया, रक्त तपासण्याचं मशीन, पट्ट्या आणि बोट टोचायच्या सुया हे सगळं प्रवासभर त्यांच्या हातातल्या बॅगेत असणं आवश्यक आहे.' मग औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाव नव्हे, कारण तेच औषध तिकडे दुसऱ्याच नावाने मिळतं. आणि नावापुढे '४० युनिट प्रति मिली' हे शब्द, ठळक. मग वरचा हिशेब. मग साखर कमी झाल्यावर खायची साखर किंवा ग्लुकोज सोबत आहे हे एका ओळीत. खाली डॉक्टरचं पूर्ण नाव, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, शिक्का, उचलला जाईल असा फोन नंबर. एक पान. त्याहून जास्त कुणी वाचत नाही.

'४० युनिट प्रति मिली' ही ओळ तपासणीवाल्याच्या उपयोगाची नाही, मला माहीत आहे. ती पुढच्या माणसासाठी आहे. सामान हरवलं, बाटली फुटली, सिरिंज राहिल्या, तर तिकडचा डॉक्टर किंवा दुकानदार तोच कागद वाचणार आहे. आत्याच्या पत्रात ही ओळ असती आणि भावाने ते पत्र दुकानात दाखवलं असतं, तर तिकडच्या फार्मासिस्टनेच हटकलं असतं.

आणि काय नसावं हेही सांगतो. एका ओळखीच्या गृहस्थांच्या पत्राला दवाखान्याने त्यांची आख्खी फाइल जोडून दिली होती, मूळव्याधीच्या ऑपरेशनसकट. विमानतळावरच्या माणसाला तुमच्या मूळव्याधीशी देणंघेणं नाही. कागद जितके जास्त, तितके प्रश्न जास्त.

आता ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त चिडलो ती. आत्याच्या औषधांच्या पिशवीत इन्सुलिनशेजारी आणखी एक पाकीट होतं. पायाची आग होते म्हणून रात्री घ्यायच्या गोळ्या, प्रीगॅबालिन. साखरेच्या पुष्कळ पेशंटना कधी ना कधी लिहून दिलेली असते, आपल्याकडे चिठ्ठी दाखवली की मिळते, कुणाला तिचं काही वाटत नाही. संयुक्त अरब अमिरातीत हीच गोळी नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. ट्रॅमाडॉल आणि कोडीन, म्हणजे दुखण्याच्या काही गोळ्या आणि खोकल्याची काही औषधं, तीही. ती न्यायची तर निघण्याआधी तिथल्या सरकारकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, चिठ्ठी आणि डॉक्टरचं पत्र जोडून. इन्सुलिनची सुई सगळ्यांच्या डोळ्यांत भरते, पण सुईमुळे कुणी तुरुंगात जात नाही. गोळीमुळे जाऊ शकतो. आत्याच्या पत्रात या गोळीचा उल्लेखही नव्हता, कारण डॉक्टरने 'इंजेक्शन चालू आहे' लिहून पेन बंद केला होता. कुणी पाहिलं नाही म्हणून निभावलं. आपल्या तालुक्यातून आखातात किती पोरं आहेत ते मोजा, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या किती आयांच्या पिशवीत ही गोळी आहे ते मोजा.

ट्रॅव्हल एजंट मंडळी, तुम्हीही सुटत नाही. 'सगळं औषध मोठ्या बॅगेत टाका, कटकट नको' हा सल्ला मी तुमच्यातल्या एकाच्या तोंडून माझ्या कानांनी ऐकला आहे. मोठी बॅग खालच्या कप्प्यात जाते, तिथे थंडी किती पडेल याची खात्री नसते, बॅग भलत्याच गावी जाऊ शकते, आणि मे महिन्यात ती धावपट्टीवर उन्हात तासभर पडून राहते. इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं. वितळल्यावर दिसायला पांढरंच दिसतं पण काम करत नाही. ३०/७० ची बाटली हळू हळू तळहातात फिरवली की दुधासारखी एकसारखी व्हायला हवी. फिरवूनही गाठी राहिल्या, काचेला आतून पांढरे कण चिकटले, तर टोचू नका. घरची माणसं मायेपोटी आणखी एक करतात: बाटली थेट बर्फाच्या पाकिटाला चिकटवून गुंडाळतात. तेही गोठतंच. आठ-दहा तासांच्या प्रवासाला बर्फ लागतच नाही. चालू बाटली सावलीत, साध्या खोलीत साधारण चार आठवडे टिकते. जास्तीच्या बाटल्यांना थंड पिशवी घ्या, पण बर्फ आणि बाटली यांच्यात जाड टॉवेल ठेवा.

डॉक्टरांची बाजूही मी विचारली, पत्रकार आहे. एकांचं म्हणणं, ओपीडीत ८० पेशंट असतात, प्रत्येकाला निबंध लिहीत बसू का. मान्य. मग कोरा नमुना छापून ठेवा ना! लग्नाच्या फिटनेसचा छापील फॉर्म तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, जिमचा आहे, पोलीस भरतीचा आहे. यात भरायचे आकडे पाचच. दुसरे म्हणाले, आकडे लिहिले आणि काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते. साहेब, तोच डोस तुम्ही चिठ्ठीवर दर महिन्याला लिहिता. तेव्हा जबाबदारी कुणाची असते? आणि ३०० रुपये कशाचे घेतले मग, शिक्क्याच्या शाईचे?

आत्या परवा परत आली, नातू गोरापान आहे. येताना भावाने तिकडच्या डॉक्टरचं पत्र दिलं होतं, एक पान. नाव पासपोर्टप्रमाणे, पेन, सुया, रोजचे युनिट, दिवस, एकूण संख्या. तपासणीत बॅग पुन्हा थांबली. माणसाने पत्र वाचलं, पेन मोजले, बॅग बंद करून दिली. आत्या सांगते, मिनिटभरही लागलं नाही.

ते पत्र आणि आपल्याकडचं पत्र, दोन्हींवरची नावं झाकून मी झेरॉक्स काढल्या आहेत. सोमवारी संध्याकाळी तालुका डॉक्टर संघटनेची बैठक आहे, तिथे दोन्ही शेजारी ठेवणार आहे, सोबत कोरा नमुनाही. तो संघटनेच्या नावाने छापून प्रत्येक दवाखान्यात ठेवा एवढीच मागणी आहे, छपाईचा खर्च मी देतो. काय झालं ते मंगळवारी इथेच लिहीन. तोवर ज्यांचं तिकीट निघालंय त्यांनी मेसेज करा, नमुना पाठवतो, भरून डॉक्टरांसमोर ठेवा आणि सही घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.